मंगळवारची रात्र, बुधवारची सकाळ

त्या बुधवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला दीपिकामामीचा फोन आला, तेव्हा आबा ढोलकी मांडीवर घेऊन तयारच बसले होते. दोन आठवडे हा नेम चालला होता. घोडपदेवच्या चाळीतल्या त्या खोलीत मायानं फोन हातात धरायचा, स्पीकर सुरू करायचा, ढोलकीच्या उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईपासून वीतभर लांब ठेवायचा, आणि आबांनी वाजवायचं. तिकडं सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉस्पिटलात तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असत. मामी फोन मामाच्या उशीशी ठेवायची. व्हिडिओ मात्र कधी लावायचा नाही, असं हर्षवर्धनमामानं आधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्या जगानं ज्याला स्टेजवर घामानं निथळताना पाहिलं होतं, त्याला आपलं वाळलेलं तोंड बापाला दाखवायचं नव्हतं.

गेले चार दिवस तर त्याची वाचाही गेली होती. त्यामुळे तिकडून यायचा तो फक्त मामीचा आवाज.

"ऐकतायत, आबा. वाजवा."

आबांनी वाजवलं. चौऱ्याऐंशीचं वय, बोटांचे सांधे सुजलेले, तरी शाईवर बोट पडलं की चाळीचा अख्खा मजला ओळखायचा. चाळीस वर्षं गिरणी आणि तितकीच वर्षं गायनपार्टी, असा त्यांचा जन्म गेला होता. भीमजयंतीला रात्र रात्र वाजवायचे. हर्षवर्धन पाच-सहा वर्षांचा असताना त्याच ढोलकीला टेकून झोपायचा आणि झोपेतच शिकला, असं आबा सांगायचे. पुढे तो तबला शिकला, आणखी कायकाय शिकला, परदेशी गेला, तिकडच्या वाजवणाऱ्यांबरोबर त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. तरी मुलाखतीत कुणी गुरू विचारला की तो घोडपदेवचं नाव घ्यायचा.

त्या दिवशी आबा दहाएक मिनिटं वाजवून थांबले. मनगट दाबत म्हणाले, "हात भरून आला गं. बाकीचं उद्या."

"आबा, अजून थोडं..." मामी म्हणाली.

"उद्या वाजवतो. त्याला सांग, उद्या जास्त वेळ वाजवतो."

मायानं फोन ठेवला. तिची आई, मालन, आतून चहा घेऊन आली. आबांनी ढोलकीला खोळ घातली आणि बशीत चहा ओतला.

पुन्हा फोन आला तेव्हा माया ऑफिसला निघायच्या तयारीत होती. मामीनं दोनच शब्द सांगितले. मालननं भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली बसली. आबांना काही सांगावंच लागलं नाही. ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "गेला ना?" आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, चाळीकडे पाठ करून.

माया परळला एका मराठी दैनिकात उपसंपादक होती. दुपारी ती ऑफिसात आली तेव्हा मुख्य उपसंपादक प्रिती तिला म्हणाली, "तू कशाला आलीस? घरी जा. बातमी मी करते."

"मीच करते," माया म्हणाली. "बाकीचे त्याचा जन्म पुण्यात घालतील."

तसं झालंही होतं. एका वेबसाइटनं मामाला नागपूरचा केला होता, दुसरीनं ब्राह्मण सभेत शिकलेला. माया लिहायला बसली. रडू येत होतं, पण कीबोर्डवर हात होता तोवर ते थांबून होतं. प्रश्न वाराचा आला. एजन्सीच्या इंग्रजी मजकुरात 'मंगळवारी' असं होतं. मायाला तर ठाऊक होतं की बुधवारी सकाळी घरात फोन आला. पण डेस्कचा नियम तिला पाठ होता, तीच तो नव्या मुलांना शिकवायची: माणूस जिथं जातो तिथली तारीख लावायची. मृत्यूच्या दाखल्यावर तीच चढते, चरित्रात तीच जाते. सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ हिवाळ्यात मुंबईच्या साडेतेरा तास मागे. मामा गेला तेव्हा मुंबईत बुधवारचे सकाळचे दहा वाजून गेले होते, तिथं मंगळवारची रात्र होती, नऊ वाजायचे होते.

तिनं लिहिलं: 'जगप्रसिद्ध तालवादक हर्षवर्धन गमरे यांचे मंगळवारी रात्री सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. तेव्हा भारतात बुधवारची सकाळ होती.'

संध्याकाळी पान लागताना फोटो मोठा करायचं ठरलं आणि मजकुरातल्या दोन ओळी जास्त झाल्या. मायानं स्वतःच वरून खाली नजर फिरवली. गायनपार्टीची ओळ काढवेना. घोडपदेवची ओळ काढवेना. 'तेव्हा भारतात बुधवारची सकाळ होती' या ओळीशिवाय काही अडत नव्हतं. तिनं ती उडवली.

गुरुवारी सकाळी आबांनी पेपर मागून घेतला. आदल्या दिवसापासून ते जवळजवळ बोललेच नव्हते. भिंगातून एकेक ओळ वाचायची त्यांची सवय, बोट ओळीखाली सरकायचं. पहिल्याच ओळीवर ते बोट अडलं.

"मालन, काल कोण वार होता?"

"बुधवार ना आबा."

"इथं मंगळवार घातलाय."

"तिकडचा वार असेल तो," मालन म्हणाली, पण तिचं तिलाच ते ठाम वाटत नव्हतं. माया मोरीत होती. ती बाहेर येईपर्यंत दारात गौतम उभा होता. गौतम खालच्या मजल्यावरचा, मंडळाचा सेक्रेटरी. मामाच्या अभिवादन सभेचं सगळं त्यानं अंगावर घेतलं होतं. रात्रभर त्याच्या फोनवर जगभरातून मामाच्या चाहत्यांनी काय काय पाठवलं होतं.

"आबा, बघा, अमेरिकेच्या पेपरात पण आलंय," तो कौतुकानं म्हणाला आणि त्यानं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. मामा राहायचा त्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच पेपराचं पान होतं. शेवटच्या आवृत्तीत घाईघाईनं छापलेल्या चार ओळी आणि जुना फोटो. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्यांनी पानाच्या माथ्याकडे बोट केलं.

"ही तारीख बारा. म्हणजे बुधवारचा पेपर?"

"हो, बुधवारचा."

"आणि आत काय लिहिलंय? कधी गेला?"

"मंगळवारी रात्री."

आबांनी भिंग खाली ठेवलं. मग अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पेपर रात्री छापतात. बुधवारच्या पेपरात आलं म्हणजे बुधवार उजाडायच्या आत तो गेला. आणि बुधवारी सकाळी मी त्याच्यासाठी वाजवत होतो."

"आबा..." माया म्हणाली.

"मढ्यापुढं वाजवलं मी. तुम्ही वाजवून घेतलंत."

गौतमनं मोबाइल खिशात टाकला. आपण काय केलं ते त्याला कळलंच नव्हतं, पण काहीतरी वाईट झालं एवढं कळलं होतं.

"तसं नाहीये आबा," माया त्यांच्यापुढे खाली बसली. "तिकडचं घड्याळ आपल्या मागं असतं."

"मला शिकवू नको. तिकडं रात्र असते तेव्हा आपल्याकडं दिवस असतो, हे मला तो परदेशी गेला तेव्हापासून ठाऊक आहे. सकाळी फोन करायचा म्हणजे तिकडं रात्र. पण वार तोच ना? बुधवारी सकाळी मी वाजवलं. तिकडं बुधवारची रात्र असेल. आणि तो मंगळवारी गेला. तूच लिहिलंस."

"बुधवारची रात्र नव्हती. मंगळवारचीच होती. त्यांचा बुधवार अजून उजाडायचा होता. सूर्य आपल्याकडं आधी येतो, त्यांच्याकडं मागून जातो. आपला बुधवार सुरू होतो तेव्हा ते मंगळवारातच असतात. तुम्ही वाजवत होतात तेव्हा त्यांची मंगळवारची संध्याकाळ होती. मग रात्री मामा गेला. मग त्यांचा पेपर छापला, त्यावर बुधवारची तारीख पडली. तो तिथल्या लोकांच्या दारात पडला तेव्हा आपल्याकडं बुधवारची रात्र व्हायला आली होती. आपला बुधवारचा पेपर तर पहाटेच घरात आला होता, मामा तेव्हा जिवंत होता. म्हणून आपल्याकडं आज, गुरुवारी आलं."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "माया, तू लहान होतीस तेव्हा तुझी आजी गेली. तुला काय सांगितलं होतं आम्ही? गावाला गेलीय. तू आठवडाभर तिच्यासाठी खाऊ बाजूला काढून ठेवत होतीस. तसंच चाललंय हे." त्यांनी पेपरावर बोट टेकवलं. "हे तू काल लिहिलंस, तेव्हा मी समोर नव्हतो. आज समोर बसून वेगळं सांगतेस. मी कुठलं खरं धरू?"

उडवलेली ती ओळ मायाच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती ओळ असती तर आज सकाळी आबांचं बोट पुढे सरकलं असतं, हे तिला कळून चुकलं.

दुपारी ऑफिसात तिनं प्रितीला गाठलं. "उद्या खुलासा छापूया. चौकटीत दोन ओळी. निधन झालं तेव्हा भारतात बुधवार होता म्हणून."

प्रितीनं पान समोर घेतलं, पुन्हा वाचलं. "पण माया, आपलं चुकलंय कुठं? मंगळवार बरोबरच आहे. जे चुकलंच नाही त्याचा खुलासा काय छापायचा? उलट लोक गोंधळतील. वरचे ऐकणार नाहीत."

"दुसऱ्या पेपरांनी बुधवार घातलाय."

"तेही बरोबरच आहे. त्यांनी आपल्या घड्याळानं मोजलं." प्रितीनं खुर्ची जवळ ओढली. "थांब, तुला दाखवते." तिनं एकेक पान उघडलं. न्यूझीलंडच्या ऑकलंडचा गुरुवारचा पेपर म्हणत होता, काल संध्याकाळी. त्यांच्याकडे तेव्हा खरंच बुधवारची संध्याकाळ होती. लंडनच्या वेबसाइटनं बुधवार पहाट घातली होती. जपानमधल्या एका बातमीत अमेरिकेची वेळ देऊन मंगळवार होता. "बघ, एकच क्षण. कुणी त्याला रात्र म्हणतंय, कुणी पहाट, कुणी संध्याकाळ. कुणीच खोटं बोलत नाही."

"हे आबांना सांग," माया म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. प्रितीनं दार लोटून घेतलं.

मायानं ती पानं छापून घरी नेली. आबांनी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "सगळे वेगवेगळं छापतात तर मग पेपर घ्यायचा कशाला?" एवढंच म्हणाले. जेवण नको म्हणाले. रात्री मालननं मऊ भात कालवून दिला, तो दोन घास खाऊन ठेवला.

मालनचंही मन थाऱ्यावर नव्हतं. शुक्रवारी भांडी घासताना ती मायाला हळूच म्हणाली, "एक विचारू? दीपिकानं खरंच लपवलं नसेल ना? म्हातारा माणूस, हातात ढोलकी घेऊन बसलेला. कोण तोंडावर सांगेल? मी असते तर मीही म्हटलं असतं, ऐकतोय, वाजवा."

"आई, तू पण?"

"मी तिला नावं नाही ठेवत गं. उलट दया येते. नवरा समोर गेलेला, आणि इकडून सासरा वाजवतोय..."

मायाला वाटलं, छापलेल्या एका शब्दानं किती माणसं आत ओढली. मामी अस्थी घेऊन निघणार होती. आणि आबांनी गौतमला सांगून टाकलं होतं, "ती येईल तेव्हा मी खालच्या विहारात जाऊन बसेन. तिच्यासमोर मला बसवू नका. मुलगा गेल्याचं दुःख आहेच, पण माझ्या हातानं माझी चेष्टा केली तिनं."

शनिवारी सकाळी माया उठली, तेव्हा तिला एकदम सुचलं. इतकं साधं होतं की दोन दिवस आपण सूर्य आणि घड्याळं का फिरवत बसलो याची तिला लाज वाटली. आबा कॉटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिनं मामीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन आबांच्या शेजारी ठेवला. आबा उठायला लागले, तर तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मामी, झोपली नव्हतीस ना?"

"नाही गं. बॅग भरतेय. संध्याकाळपासून माणसं येतायत, आता कुठे गेली." मामीचा आवाज घोगरा झाला होता.

"मामी, आज कोण वार?"

"म्हणजे?"

"आज तुझ्याकडं कोण वार आहे?"

"शुक्रवार. का गं? उद्या निघतेय मी, शनिवारी. सोमवारी पहाटे पोचेन. तुला पाठवलंय ना तिकीट?"

आबांनी मान वळवली. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे. शनिवारची सकाळची शाळा सुटून पोरं खाली गॅलरीत परतत होती. बाहेर उन्हं आली होती. मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"दीपिका, मी बोलतोय."

"आबा! तुम्ही बोलतच नव्हता. मला वाटलं..."

"तिकडं आज शुक्रवार आहे?"

"हो आबा. रात्र आहे. शुक्रवारची."

"आणि इथं शनिवार उजाडलाय. मग त्या दिवशी मी वाजवलं, तेव्हा तुमची मंगळवारची संध्याकाळ होती."

"हो."

"तो होता?"

मामीला प्रश्नच आधी कळला नसावा. कळला तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच, "आबा! होते की! असं कसं विचारता? तुमचा फोन झाल्यावर तास-दीड तास होते. माझा हात त्यांच्या हातावर होता. तुम्ही वाजवत होता ना, तेव्हा त्यांची बोटं चादरीवर हलत होती. उजव्या हाताची. नर्सला पण दाखवलं मी. चार दिवसांत पहिल्यांदा हलली. तुम्ही थांबलात, तरी बराच वेळ हलत होती. पुढचं वाजवत असल्यासारखी."

मामीनं हे दिलासा म्हणून सांगितलं. तीन दिवस तिनं ते जपून ठेवलं असणार, समोर आल्यावर सासऱ्याच्या हातात द्यायला. पण मायानं आबांचा चेहरा पाहिला आणि फोन घ्यायला हात पुढे केला.

"मी थांबल्यावर?" आबांनी विचारलं.

"हो आबा. कितीतरी वेळ."

आबांनी फोन मायाच्या हातात दिला. मालन दारात येऊन उभी होती. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तो वाजवत होता. आणि मी म्हटलं उद्या." मग त्यांचा उजवा हात त्यांनी उताणा मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बघितलं, आणि डाव्या हातानं त्या मनगटावर मारलं. एकदा, दोनदा. मालननं धावत येऊन हात धरला. "आबा, असं नाही करायचं." तीन दिवस न रडलेला तो माणूस लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा मोठ्यानं रडला. मजल्यावरच्या बायका दारात जमल्या, पण आत कुणी आलं नाही.

मायाला वाटलं होतं, खरं कळलं की आबांच्या छातीवरचं ओझं उतरेल. एक उतरलं होतं. मामीवरचा राग गेला होता, पण त्या रागाच्या आधारावर ते तीन दिवस उभे होते, हे तिला आत्ता दिसलं. फसवलं गेल्याचं दुःख दुसऱ्यावर ढकलता येतं. हे दुःख ढकलायला जागा नव्हती.

रडणं ओसरल्यावर माया त्यांच्याजवळ बसली. "आबा, तुम्हाला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतंच," ते म्हणाले. "तुला पण नव्हतं, पेपरात लिहिताना." तिनं दचकून वर पाहिलं. ती ओळ उडवल्याचं तिनं आदल्या रात्री आईला सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं असावं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून होते. "जागा नव्हती म्हणून काढलीस ना? माझाही हात भरून आला होता. खोटं नव्हतं ते."

संध्याकाळी गौतम घाबरत घाबरत आला. बॅनर छपाईला द्यायचा होता, आणि तारखेची जागा मोकळी होती. मंडळात दोन तट पडले होते. काही म्हणत होते, आपल्याला बुधवारी कळलं, आपला स्मृतिदिन बारा तारखेला. काही म्हणत होते, तिकडच्या पेपरांनी अकरा छापली, आपणच वेगळे कशाला.

"आबा, तुम्ही सांगाल ते."

"अकरा घाल," आबा म्हणाले. "दीपिकाच्या डोळ्यांदेखत गेला तो. तिच्या घरात मंगळवार होता. ती इथं येईल, बॅनरवर बारा वाचेल, तर तिला वाटेल आम्ही तिच्या घरची रात्र धरलीच नाही."

सोमवारी पहाटे मामी आली. विमानतळावर माया गेली होती. शनिवारी निघालेली बाई सोमवारी उतरली होती, आणि आज काय वार, हे तिनं टॅक्सीत दोनदा विचारलं. मांडीवर लाल कापडात गुंडाळलेला कलश होता. तो तिनं सबंध वाटेत हातातून सोडला नाही. चाळीच्या दाराशी टॅक्सी थांबली, तेव्हा मायाला आबा खाली उभे दिसले. जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी.

"जयभीम आबा," मामी म्हणाली आणि वाकायला गेली, तर त्यांनी तिला वाकू दिलं नाही. त्यांनी कलश हातात घेतला. हातांना वजन कळेना तसे ते क्षणभर थांबले. मग जिना चढायला लागले, कलश छातीशी धरून, काठी मालनकडे देऊन. कुणी हात धरायला गेलं तर नको म्हणत होते. मामी त्यांच्या मागून एकेक पायरी चढत होती.

वर आल्यावर मामीनं चहा घेतला, दोन घोट. आबांनी तिला विचारलं, "डाव्या हाताची बोटं नाही हलली?"

"नाही आबा. उजव्याचीच."

"शाईचा हात," आबा म्हणाले.

थोड्या वेळानं मामी बसल्या जागी कलंडली. तिच्या शरीरात अजून तिकडची वेळ होती, आणि कित्येक रात्रींची झोप साचली होती. मालननं तिला आबांच्या कॉटवर निजवलं, अंगावर चादर घातली. मामी आल्याचं कळल्यानं माणसं यायला लागली होती: गायनपार्टीतले म्हातारे सोबती, विहारातल्या बायका, टीव्हीचा एक कॅमेरावाला. आबांनी स्टूल उचललं आणि दाराबाहेर, गॅलरीत नेऊन टाकलं. त्यावर बसले. जो येईल त्याला ते ओठांवर बोट ठेवून सांगत होते, "दुपारून या. सून झोपलीय. तिच्याकडं रात्र आहे."

खाली मंडळाची पोरं लाउडस्पीकरची चाचणी करत होती. आबांनी कठड्यावरून वाकून हातानं खूण केली, आणि आवाज बंद झाला.